वरचीला दहा, खालचीला एक

वजाबाकी करताना मला ताईचा आवाज यायचा. बेरजेला नाही, गुणाकाराला तर मुळीच नाही. फक्त वजाबाकीला, आणि तीही हातच्याची असेल तरच. उजव्या कानामागून, अगदी हळू: "वरचीला दहा दे. आता खालचीला एक दे. रडारड नको." मी चौथीत होते, भुताखेतांना घाबरायचंच वय, पण या आवाजाची मला भीती वाटली नाही. तो बंद पडेल याची वाटायची. म्हणून रिकामी बसले की मी उगाच वजाबाक्या मांडत बसायची. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणायच्या, हिला गणिताची फार आवड. कसली आवड आणि कसलं काय.

ताई गेली तेव्हा मी दुसरीची परीक्षा दिली होती आणि तिने सहावीची. आम्ही विरारला फुलपाड्यात राहायचो. तिला कावीळ झाली, उतरली म्हणाले, पुन्हा चढली, आणि मे महिन्याची सुट्टी संपायच्या आत सगळं आटोपलं. पुढचं वर्ष, माझं तिसरीचं, आम्ही त्याच फ्लॅटमध्ये काढलं. ताईचं नाव काढायचं नाही असं काही कुणी ठरवलं नव्हतं. पण बाबांनी एकदा जेवताना ते काढलं आणि आई भरल्या ताटावरून उठली, तेव्हापासून कुणी काढेना. तिची खाट तिथेच ठेवली तर खाट रिकामी दिसायची, हलवली तर भिंत रिकामी दिसायची. शेवटी बाबांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि जूनमध्ये आम्ही भुईगावात एका वाडीतल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. समुद्राच्या वाऱ्याने आईला बरं वाटेल असं कुणीतरी बाबांना सांगितलं होतं.

आईला बरंबिरं काही वाटलं नाही. वारा मात्र भरपूर होता. दुपारी केळीची पानं घासली जायची आणि कुणीतरी मागच्या दाराशी परकर सावरत उभं आहे असं वाटायचं. मी बघायला जायची. आई जायची नाही, पण माझ्याकडे बघायची. मी परत आले की ती मान खाली घालून हातातलं काम पुढे करायची. तिलाही तसंच वाटत होतं, हे मला तेव्हाच कळत होतं. मुलांना कळत नाही असं मोठ्यांना वाटतं, ते त्यांचं त्यांना बरं पडतं म्हणून.

आमच्या घरात एक नियम होता. एकीला दिलं की दुसरीलाही द्यायचं. पाव असो, रिबीन असो, पाठीत धपाटा असो. ताईनंतरही आईचा हात त्याच सवयीने चालायचा. ती पाव मोडायची, अर्धा माझ्या बशीत ठेवायची, आणि दुसरा अर्धा हातात घेऊन क्षणभर तशीच उभी राहायची. मग तो परत डब्यात जायचा. मला तो अर्धा हवा असायचा, पण मागायची हिंमत झाली नाही.

ताईने मला हातच्याची वजाबाकी शिकवली ती याच नियमावर. समजा, त्रेपन्नातून सव्वीस वजा करायचे. तीनमधून सहा जात नाहीत. मग वरच्या तिनाला दहा द्यायचे, तेरा झाले. वरचीला दिले, तर खालची गप्प बसेल का? तिलाही द्यायचे. म्हणून खालच्या दोनाला एक द्यायचा, तीन झाले. तेरातून सहा गेले सात, पाचातून तीन गेले दोन. सत्तावीस. वरची संख्या म्हणजे ताई आणि खालची म्हणजे मी, असं आमचं ठरलेलंच होतं. तिला दहा आणि मला एकच का, यावरून मी भांडलेही होते. ती म्हणाली, "तुझा एक दहाएवढाच असतो, वेडे." कसा असतो ते सांगितलं नाही. सांगू पुढे कधीतरी, म्हणाली.

नव्या शाळेतल्या बाई निराळं शिकवायच्या. खालच्या संख्येला हात लावायचा नाही. वरच्या संख्येतच शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा, शेजारी एकाने कमी होतो, आपण दहाने वाढतो. त्रेपन्नाचे चाळीस आणि तेरा करायचे आणि त्यातून सव्वीस काढायचे. बाई चांगल्या होत्या, पण एका बाबतीत खमक्या: वर्गात एकच पद्धत. नाहीतर पोरं अर्धं याचं, अर्धं त्याचं करतात आणि शेवटी कुठलंच धड नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, "उत्तर बरोबर, रीत चूक." मी ते वाचलं आणि मला असा राग आला की मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. माझी चूक असेल तर असू दे. पण रीत ताईची होती.

मी बाईंची रीत करून बघितली. खरंच बघितली. उत्तर यायचं. आवाज यायचा नाही. नुसती वजाबाकी व्हायची आणि कानामागे काही नाही. मी ती पुसून टाकली.

मग आला तो कागद. बाई अधूनमधून सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटायच्या, त्याला त्या ऐटीत वर्कशीट म्हणायच्या. त्या दिवशीच्या वर्कशीटवर सगळ्या हातच्याच्या वजाबाक्या. बाईंची शिस्त अशी की कागद सोडवला की बाकावरच्या जोडीदाराशी बदलायचा. दोघींनी एकमेकींचं तपासायचं, उत्तरं जमली नाहीत तर आपापसांत निकाल लावायचा, आणि मग एकमेकींच्या कागदाखाली सही करायची. सहीशिवाय कागद घेणार नाहीत. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "या खेपेला रीत चुकली तर सगळा कागद पुन्हा सोडवायचा, आणि उद्या वडिलांना भेटायला सांग." कागद मधल्या सुट्टीनंतर द्यायचा होता.

माझी जोडीदार गावातलीच, वाडीवाल्या ख्रिस्ती घरातली. माझ्याहून उंच, सावकाश बोलणारी, आणि पक्की. घरी तिच्या आईशी बोलायची ते मला निम्मंच कळायचं, पण शाळेत मोजून मापून मराठी बोलायची. तिने माझा कागद बघितला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"मी सही नाही करणार," ती म्हणाली.

"का? उत्तरं चुकली?"

"हे एक चुकलंय." तिने बोट ठेवलं. पाचशे तीन वजा दोनशे सदुसष्ट. "माझं दोनशे सेहेचाळीस आलंय. तुझं दोनशे छत्तीस."

"तुझं चुकलं असेल."

"माझं बाईंच्या रीतीने आहे."

घंटा झाली. सगळे डबे घेऊन बाहेर पळाले. आम्ही दोघी कागद घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तिने डबा उघडला नाही, म्हणून मीही उघडला नाही. माझं पोट ओरडत होतं, पण हट्टात मागे हटायचं माझ्या रक्तात नाही.

"ताळा करू," ती म्हणाली. "उत्तरात खालची संख्या मिळवायची. वरची आली पाहिजे."

आधी तिचं केलं. दोनशे सेहेचाळीस आणि दोनशे सदुसष्ट, पाचशे तेरा. मग माझं. दोनशे छत्तीस आणि दोनशे सदुसष्ट, पाचशे तीन. तिच्या जागी मी असते तर आधी कागदालाच दोष दिला असता. तिने स्वतःची वजाबाकी पुन्हा केली.

"शतकाकडून एक घेतला," ती पुटपुटली. "दशकाच्या घरात दहा आले. त्यातला एक एककाला दिला, तेरा झाले. मग दशकात दहा कुठे राहिले? नऊ. मी दहाच धरले. नवातून सहा, तीन." तिने खोडरबराने चार पुसून तीन केला. "बरोबर. दोनशे छत्तीस."

"मग कर सही."

"नाही ना. तुझं उत्तर बरोबर आहे, पण तू खालची संख्या बदललीस. बघ, सहाचे सात केलेस, दोनाचे तीन केलेस. बाईंनी दोनशे सदुसष्ट दिलेत. दिलेला आकडा आपण कसा बदलायचा? असं असून उत्तर बरोबर कसं येतं, ते सांग, मग सही करते."

"येतं तसंच."

"तसंच म्हणजे कसं?"

"मला माझी ताई असंच शिकवते," मी म्हणाले. "वरचीला दहा, खालचीला एक."

"दहा आणि एक? मग सारखं कुठे झालं?"

माझा संताप संताप झाला, कारण हेच मी ताईला विचारलं होतं आणि ताईने सांगू पुढे म्हणून सोडून दिलं होतं. आता कुणाला विचारू? मी कान देऊन बघितलं. पायऱ्यांवर ऊन होतं, मुलं ओरडत होती, कानामागे काही नव्हतं. रडायला येत होतं आणि हिच्यासमोर रडायचं नव्हतं.

ती मात्र कागदावर वाकली होती. "थांब," ती म्हणाली. "एक तू कुठे दिलास? सहाला. सहा कुठल्या घरात आहे?"

"दशकाच्या."

"मग तो एक कसा? तो एक दशक आहे. म्हणजे दहाच. वरच्या संख्येला दहा सुटे दिलेस, खालच्या संख्येला दहाची मोळी दिलीस. दोघींना दहाच मिळाले." ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "तुझी ताई हुशार आहे."

तुझा एक दहाएवढाच असतो, वेडे. मी पायरीवर तळहात टेकवून बसून राहिले. ताईने अर्धं सोडलेलं वाक्य या सावकाश बोलणाऱ्या पोरीने पुरं केलं होतं.

"पण दोघींना दहा दिले तर उत्तर का नाही बदलत?" ती स्वतःलाच विचारत होती. मग उठली, मलाही हाताला धरून उठवलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली. "मी तुझ्याहून केवढी उंच?"

"एक वीत."

"आता दोघी एकेक पायरी वर चढू." चढलो. "आता केवढी?"

"तेवढीच."

"आणखी एक." पुन्हा चढलो. "बघ. दोघी सारख्या चढलो तर फरक हलत नाही. वजाबाकी म्हणजे फरकच ना? बाई काय करतात, वरच्या संख्येतलेच पैसे सुटे करतात, तिला वाढवत नाहीत. तू दोघींना वाढवतेस. दोन्ही बरोबर." आपण काय शोधलं ते कळल्यावर ती थोडी लाजली. मग मला आणखी पटावं म्हणून म्हणाली, "वयाचं पण तसंच. माझी मोठी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही म्हाताऱ्या झालो तरी तीनच. तुझी ताई केवढ्याने?"

"चार," मी म्हणाले. "पण आमचं तसं होत नाही."

"असं कसं? होतंच."

"नाही होत. मला मिळतात, तिला मिळत नाहीत. ती सहावीतच आहे. अजून दोन वर्षांनी मी पण सहावीत जाईन. मग मी तिच्या पुढे जाईन."

हे मी याआधी कुणाला बोलले नव्हते. आईला नाही, बाबांना नाही. रात्री झोपताना हाच हिशेब डोक्यात फिरायचा: मी एकेक पायरी चढते आहे, ताई खालीच उभी आहे, आणि एक दिवस मी तिला ओलांडणार आहे. मग ती ताई कशी राहील? मला वजाबाकी कोण शिकवील?

तिला कळलं. कसं कळलं कोण जाणे, पण तिने काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. खाली बसली, डबा उघडला, आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

"आमच्याकडे मिळतात," ती म्हणाली.

"काय मिळतं?"

"वर्षं. माझा एक भाऊ आहे, माझ्याहून मोठा. तान्हा असतानाच गेला. त्याच्या वाढदिवसाला आई चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थनेची मिस्सा सांगते, कबरीवर फुलं ठेवते आणि त्याला सांगते, आता तू एवढ्याचा झालास. आता तो सातवीत आहे. आम्ही अभ्यास केला नाही की आई त्याचं नाव घेऊन सांगते, तो बघा कसा शहाणा." ती भाकरी चावत होती. "कधी कधी मला त्याचा राग पण येतो."

मला हसू आलं. मग रडूही आलं. आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली, माझ्या डब्यातली पोळीही अर्धी अर्धी केली. घंटा व्हायच्या आत तिने माझ्या कागदाखाली नीट अक्षरात सही केली, आणि मी तिच्या.

कागद द्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी माझा बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "परत तेच? आणि सही कुणी केली?"

ती उभी राहिली. "बाई, तिची रीत पण बरोबर आहे," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं: सुटे दहा, दहाची मोळी, पायऱ्या. माझं उत्तर बरोबर आलं आणि तिचंच चुकलं होतं, तेही सांगून टाकलं. बाई ऐकत होत्या. मला वाटतं, रीत त्यांना माहीत होती. आधीच्या पिढीला पुष्कळ ठिकाणी अशीच शिकवायचे. पण ती का चालते हे चौथीतल्या पोरीकडून ऐकायची त्यांना सवय नसावी.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं.

बाईंना आमच्या घरचं माहीत होतं, नाव घालताना बाबांनी सांगितलं होतं. म्हणून उत्तर दिलं तर काय होईल ते मला दिसत होतं: तो चेहरा, ते अरेरे, डोक्यावरून फिरणारा हात.

"हिच्या ताईने," माझी जोडीदार म्हणाली. "ती सातवीत आहे आता."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचा लाल पेन कागदावर तसाच थांबला होता. अरेरे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी सगळ्या उत्तरांवर एकेक बरोबरची खूण केली आणि कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "ताईला सांग, चांगलं शिकवलंस म्हणावं."

मी घरी आले तेव्हा आई चहा करत होती. कागद मी तिच्यापुढे धरला. शाळेतलं मी तिला सहसा काही दाखवायची नाही, ती नुसतं हं म्हणायची. त्या दिवशी मी ठरवलंच होतं, उठून गेली तर गेली.

"बाईंनी ताईची रीत बरोबर दिली," मी म्हणाले.

आई उठली नाही. तिने पदराला हात पुसले, कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडाला धरला. खालच्या ओळीत मी वाढवलेले बारीक आकडे होते, त्यावर ती बोट फिरवत होती.

"वरचीला दहा, खालचीला एक," ती म्हणाली.

तोच सूर होता. तोच हळू आवाज, एक या शब्दावर तोच हेल. कानामागून नाही, समोरून.

"तुला कसं माहीत?"

"मीच शिकवलं तिला. खाटेवर बसून, तू लहान होतीस तेव्हा. भांडखोर होती, तिला असंच सांगावं लागायचं." चहा उतू जात होता, तिने गॅस बंद केला. "बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ताईला सांग चांगलं शिकवलंस. माझ्या मैत्रिणीने त्यांना सांगितलं, ताई सातवीत आहे."

मागच्या दाराशी केळीची पानं घासत होती, आणि या खेपेला आम्हा दोघींपैकी कुणीच तिकडे बघितलं नाही. आईने डब्यातून पाव काढला, मोडला, अर्धा माझ्या बशीत ठेवला. दुसरा अर्धा तिच्या हातात राहिला, नेहमीसारखा.

"सातवीत नाही गं," ती म्हणाली. "सहावी पास झाली होती ना ती. सातवी गेल्या वर्षी झाली, तू तिसरीत होतीस तेव्हा. आता आठवीत आहे." आणि तो दुसरा अर्धाही तिने माझ्याच बशीत ठेवला. "तू चौथीत, ती आठवीत. कर बघू वजाबाकी."